पदवीचा पैसा वसूल होतो का? पगाराकडून उलटा हिशोब

भाचीने एका संस्थेचं माहितीपत्रक समोर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, सोपं आहे. दोन वर्षांची फी १८० आणि बाहेर पडल्यावर सरासरी पगार १९०. आज मला १०० मिळतात, म्हणजे वर्षाला ९० जास्त. दोन वर्षांत फी वसूल."

ती प्रत्यक्ष रक्कम बोलत नव्हती. मीच तिला सांगितलं होतं की आधी तुझा आजचा वर्षाचा हातात पडणारा पगार १०० धर आणि बाकी सगळं त्याच मापात बोल. ही सवय फार उपयोगाची आहे. फी किती मोठी हे रकमेवरून कळत नाही. ती आपल्या किती महिन्यांच्या कमाईएवढी आहे, यावरून कळतं. शिवाय कोणत्याही चलनात हा हिशोब तसाच चालतो. तुम्हीही तुमचा आजचा वार्षिक पगार १०० धरा. फक्त तो कर आणि कपाती वजा जाऊन हातात येणारा असू द्या, नेमणूकपत्रावरचा नको. पदवीनंतरचा पगारही तसाच हातात येणारा धरायचा. बहुतेक ठिकाणी पगार वाढला की कराचा दरही चढतो, त्यामुळे कागदावर दुप्पट झालेला पगार हातात क्वचितच दुप्पट येतो. रुजू होताना एकदाच मिळणारा बोनस दरवर्षीच्या पगारात मिसळू नका, तो पहिल्या वर्षापुरता धरा. भाचीचा १९० हा आकडा आम्ही अशी सगळी चाळणी लावूनच काढला होता.

तर दोन वर्षांत फी वसूल, हे तिचं उत्तर. नीट मांडणी केल्यावर तेच उत्तर साडेसहा वर्षांवर गेलं. आणि खरी अडचण ती साडेसहा वर्षं नव्हतीच, ती पुढे निघाली.

दोन रकाने

एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात पदवी घेतली तर दरवर्षी हातात काय येईल आणि काय जाईल ते, दुसऱ्यात पदवी न घेता नोकरी चालू ठेवली तर काय येईल ते. मग पहिल्यातून दुसरा वजा करा. एवढंच करायचं आहे. 'बुडालेला पगार' असा वेगळा खर्च लिहायची गरज पडत नाही, वजाबाकीत तो आपोआप येतो. वेगळा लिहायला गेलं की लोक तो एकतर विसरतात, नाहीतर दोनदा धरतात.

भाचीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ, व्यवस्थापनाचा. फी दरवर्षी ९०. पुस्तकं, प्रवास, परीक्षा आणि घरापासून दूर राहिल्यामुळे वाढणारा खर्च मिळून दरवर्षी १०. यात फक्त वाढीव खर्च धरायचा. जेवण ती नोकरी करतानाही करतच होती, ते पदवीच्या नावावर टाकणं चूक. दुसऱ्या वर्षात प्रशिक्षण म्हणून कंपनीत काम केल्याचे १५ मिळतील, ते जमेला.

आता दुसरा रकाना. ती नोकरीत राहिली असती तर या वर्षी १००, आणि तिच्या कामात साधारण ८ टक्के वाढ मिळते म्हणून पुढच्या वर्षी १०८.

पहिल्या वर्षाची वजाबाकी: पदवीच्या रकान्यात उणे १००, नोकरीच्या रकान्यात १००. फरक उणे २००. दुसऱ्या वर्षी पदवीच्या रकान्यात उणे ८५, नोकरीच्या रकान्यात १०८. फरक उणे १९३. म्हणजे दोन वर्षांची खरी किंमत ३९३, आणि माहितीपत्रकात दिसत होते ते १८०. या ३९३ मधले २०८ हे निव्वळ न मिळालेल्या पगाराचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. थिओडोर शुल्ट्झ या अर्थतज्ज्ञाने १९६० मध्येच शिक्षणाच्या खर्चात बुडालेली कमाई धरून हिशोब मांडला होता. फीच्या पावतीवर ती छापलेली नसते म्हणून अजूनही आपल्या डोळ्यांतून सुटते.

दुसरा रकाना थांबलेला नसतो

भाचीने १९० मधून १०० वजा केले, ही दुसरी चूक. ती पदवी घेऊन बाहेर पडेल ते तिसऱ्या वर्षी. तोवर नोकरीतली ती १०० वर थांबलेली नसेल, ११७ च्या आसपास पोचलेली असेल. म्हणून पहिल्या वर्षाचा फायदा ९० नसून सुमारे ७३.

हा दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरणं हे या हिशोबातलं सगळ्यात कठीण काम आहे, आणि लोक नेमकं तिथेच हात आखडतात. पदवीच्या रकान्यात आपण स्वतःला चांगली नोकरी, बढती, सगळं देतो. नोकरीच्या रकान्यात मात्र आजच्याच खुर्चीत बसवून ठेवतो. पण जो माणूस प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक काढू शकतो, तो नोकरीतही पुढे जाणाराच असतो. पदवी न घेता त्याने दोन वर्षांत एकदा नोकरी बदलली असती तर? पदवीधरांचा पगार जास्त दिसतो त्यातला काही भाग पदवीने दिलेला नसतो; तो त्या माणसात आधीपासूनच होता आणि पदवीने त्यावर शिक्का मारला. त्यामुळे 'पदवी असलेले' आणि 'पदवी नसलेले' यांची सरसकट तुलना करू नका. चार-पाच वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच जागी असलेले, पण नोकरीतच राहिलेले दोन-तीन सहकारी शोधा आणि आज ते कुठे आहेत ते बघा. दुसऱ्या रकान्यासाठी याहून चांगला पुरावा मिळत नाही.

उद्याचे पैसे आजच्या पैशांत

साधा हिशोब केला तर पदवीनंतर दरवर्षी ७३, ७९, ८६, ९२, १०० असा फरक मिळत जातो (दोन्ही पगार ८ टक्क्यांनी वाढतात असं धरून) आणि ३९३ भरून निघायला साडेचार वर्षांच्या वर वेळ लागतो. पण खर्च आज होतो आहे आणि फायदा बऱ्याच वर्षांनी येणार आहे. मधल्या काळात त्या पैशांवर व्याज भरावं लागतं किंवा व्याज मिळायचं राहतं. त्यासाठी भविष्यातली प्रत्येक रक्कम एका दराने खाली आणावी लागते. याला वटावाचा दर म्हणतात.

कोणता दर घ्यायचा यावर फार डोकं खपवू नका. कर्ज काढणार असाल तर कर्जाचा व्याजदर. स्वतःची शिल्लक वापरणार असाल तर तीच रक्कम तितक्याच जोखमीवर दुसरीकडे गुंतवून जो परतावा मिळाला असता तो. आम्ही १० टक्के धरला. या दराने पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या ७३ ची आजची किंमत ६१ च होते, कारण ते वर्ष अजून दोन वर्षं दूर आहे. खर्चाचे ३९३ मात्र ३७५ पर्यंतच उतरतात. असं एकेक वर्ष मांडत गेलं की पदवीनंतर साडेसहा वर्षांनी खर्च वसूल होतो.

एक इशारा इथेच देतो. कर्ज काढलं असेल तर हप्ते या रकान्यांत लिहू नका. फी एकदा लिहिलेली आहे आणि व्याज वटावाच्या दरात आलेलं आहे. वर हप्तेही लिहिले तर तोच खर्च दोनदा धरला जातो, आणि चांगली पदवीसुद्धा तोट्याची दिसू लागते.

स्प्रेडशीटमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. A रकान्यात वर्षं, B मध्ये पदवी घेतल्यास, C मध्ये न घेतल्यास, D मध्ये फरक. पहिली ओळ मथळ्यांची. पहिल्या दोन वर्षांचे आकडे हाताने टाका, तिसऱ्या वर्षाचा पगार B4 मध्ये, आणि पुढचं खाली ओढत न्या.

```
B5:  =B4*1.08
C3:  =C2*1.08
D2:  =B2-C2
F2:  =D2+NPV(10%,D3:D13)
```

F2 मध्ये सगळ्या वर्षांच्या फरकांची आजच्या पैशांतली बेरीज येते. त्यात पहिलं वर्ष `NPV` च्या बाहेर ठेवलं आहे, ते मुद्दाम. हे फंक्शन कंसातली पहिली रक्कम एक वर्षाने दूर आहे असं समजतं, आणि आपली पहिली फी तर आत्ताच भरायची आहे. सगळा रकाना कंसात कोंबला तर उत्तराचं चिन्ह बदलत नाही, पण रक्कम खोटी येते.

पदवीनंतर दहा वर्षं धरली तेव्हा भाचीच्या F2 मध्ये अधिक १८४ आले. ती खूश. मी म्हटलं, थांब, आता हाच हिशोब उलटा करू.

उंबरठ्याचा पगार

आतापर्यंतचं सगळं १९० या एका आकड्यावर उभं होतं, आणि तो आकडा संस्थेने दिलेला होता. पगाराचं भाकीत कोणालाच नीट करता येत नाही. म्हणून पगार धरून फायदा काढण्याऐवजी फायदा शून्य धरून पगार काढायचा. किमान किती पगार मिळाला तर मी नोकरीत राहण्याइतकीच बरोबरीत सुटेन? त्याला मी उंबरठ्याचा पगार म्हणतो.

एक्सेलमध्ये `Data` मधल्या `What-If Analysis` खाली `Goal Seek` आहे. F2 ला 0 करायला सांगा आणि बदलायची पेटी म्हणून B4 द्या. भाचीचं उत्तर १६६ आलं. सुरुवातीचा पगार १६६ च्या खाली गेला तर दहा वर्षांच्या हिशोबात पदवी तोट्यात, वर गेला तर फायद्यात.

या उंबरठ्याचा फायदा असा की कोणतं गृहीतक किती वजनदार आहे ते लगेच कळतं. आम्ही एकेक करून हलवून बघितलं. दहाऐवजी पाचच वर्षं धरली तर उंबरठा २११ वर जातो, वीस वर्षं धरली तर १४४ च्या खाली येतो. म्हणजे पस्तिशीतल्या माणसाला पदवी घेतल्यावर कमाईची पंचवीस वर्षं उरलेली असतात, तर पन्नाशीतल्याला दहा, आणि त्याच अभ्यासक्रमाला दोघांचे उंबरठे वेगळे. तरीही मी वीस वर्षं धरायचं टाळतो. पंधरा वर्षांनंतरचा पगार पदवीमुळे मिळतो आहे की मधल्या कामामुळे, हे सांगणं अवघड होतं.

मग दुसरा रकाना हलवला. ती नोकरी बदलून तिसऱ्या वर्षी ११७ ऐवजी १३० वर पोचली असती असं धरलं. उंबरठा १७९. एका नोकरीबदलाने तो १३ ने वर सरकला.

तिसरा बदल जास्त बोचरा. पदवीचा फायदाही दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढत जाईल, हे आम्ही न बोलता धरलं होतं. पण पदवीची चमक बहुधा पहिल्या नोकरीत सर्वात जास्त असते; नंतर कामावरून पारख होते आणि मागे राहिलेले लोक अंतर तोडतात. फरक वाढत न जाता दहाही वर्षं तेवढाच राहिला, तर उंबरठा १८४. माहितीपत्रकातल्या १९० च्या अगदी खालोखाल.

म्हणून एकच आकडा घेऊन बसू नका, पट्टा घ्या. भाचीचा पट्टा १६६ ते १८४.

किती जण उंबरठा ओलांडतात

आता माहितीपत्रक पुन्हा उघडायचं. सरासरी १९० म्हणजे पट्ट्याच्या वर, मग झालं की! पण सरासरी १९० कशी बनू शकते ते बघा. समजा दहा जणांचे पगार असे आहेत: १२०, १३०, १३५, १४०, १५०, १६०, १६५, १८०, २६०, ४६०. बेरीज १९००, सरासरी बरोबर १९०. कोणी खोटं बोललेलं नाही. पण मधोमध उभ्या माणसाचा पगार, ज्याला मध्यक म्हणतात, १५५ आहे. आणि १६६ चा उंबरठा ओलांडणारे दहांत तीनच. १८४ लावला तर दोन.

ही यादी मी समजावण्यासाठी बनवली. तुमच्या संस्थेची खरी यादी अशीच असेल असं नाही. पण पगारांची आकडेवारी जवळजवळ नेहमी एका बाजूला अशी लांबलेली असते, म्हणून सरासरी मध्यकाच्या वर दिसते. सरासरीवर चालणारा हिशोब हजार विद्यार्थ्यांवर पैसे लावणाऱ्याला चालेल. तुम्ही हा डाव एकदाच खेळणार आहात.

तेव्हा संस्थेला विचारायचे प्रश्न बदलतात. मध्यक किती? खालच्या चौथ्या हिश्शातल्यांना काय मिळालं? एकूण प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांचा पगार या आकड्यांत आहे? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर अडखळलं तर सावध व्हा. ज्यांना नोकरी लागली नाही, जे स्वतःच्या धंद्यात परतले, ज्यांनी आकडा कळवलाच नाही, ते सगळे सरासरीतून गळतात. शंभरातल्या साठ जणांची सरासरी उत्तम दिसते. भाचीला संस्थेकडून मध्यक मिळाला नाही. मग तिने दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीतल्या अकरा जणांशी बोलणं केलं. संस्थेने सुचवलेले दोन सोडून बाकीचे तिने स्वतः शोधले. मुद्दाम तिच्यासारखेच, चार वर्षांचा अनुभव असलेले आणि त्याच क्षेत्रातून आलेले. थेट पगार विचारायला संकोच वाटला म्हणून तिने एकच विचारलं: "सुरुवातीचा पगार आधीच्या पगाराच्या पावणेदोन पटीच्या वर होता का?" पावणेदोन पट म्हणजे १७५, पट्ट्याच्या मध्यावर. 'हो' किंवा 'नाही' एवढं सांगायला लोक तयार असतात. अकरांपैकी चार 'हो' निघाले.

हप्ता भरून हातात काय उरेल

वसुलीचा हिशोब आणि खिशाचा हिशोब वेगळे. पदवी दहा वर्षांत वसूल होणारी असली तरी तिसऱ्या वर्षी घर चालेल का, हे स्वतंत्र बघावं लागतं.

फी आणि वाढीव खर्च मिळून २०० कर्ज काढलं, निम्मं सुरुवातीला आणि निम्मं वर्षाने, व्याज १० टक्के, शिकत असताना परतफेड नाही. अभ्यासक्रम संपेपर्यंत ते २३१ झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर वर्षाला सुमारे ४६ हप्त्यांत जातात. पगार १९० असेल तर १४४ उरतात, ठीक चालतं. पगार १५० असेल तर १०४ उरतात. आणि पदवी न घेता नोकरीत राहिली असती तर त्याच वर्षी तिच्या हातात ११७ आले असते. म्हणजे दोन वर्षं शिकून, जास्त पगाराची नोकरी धरूनही हातात कमी. हप्ते जवळजवळ स्थिर असतात आणि पगार वाढतो म्हणून हे पुढे सुधारतं, पण पहिली दोन-तीन वर्षं घट्ट जातात. आणि नोकरी लागायला सहा महिने लागले तर पहिल्याच वर्षाचा अर्धा पगार गेला. हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होतो ते करारात आधी वाचा.

काय बदललं तर उत्तर बदलतं

दोन गोष्टी उंबरठा खाली आणतात. पहिली, नोकरी न सोडणं. तीच फी, तोच वाढीव खर्च, पण अभ्यासक्रम संध्याकाळचा, आणि पगार चालू. भाचीच्या आकड्यांनी उंबरठा १६६ वरून १४२ पर्यंत खाली आला. पण अशा अभ्यासक्रमांत संस्थेतर्फे नोकरी लावून देण्याची सोय सहसा पूर्णवेळइतकी नसते, म्हणून मिळणारी वाढही कमी धरायला हवी. प्रश्न तोच राहतो: अर्धवेळ शिकलेल्यांपैकी १४२ च्या वर किती गेले?

दुसरी गोष्ट शिष्यवृत्ती. फीमध्ये ६० ची सूट मिळाली, दोन्ही वर्षांत सारखी वाटून, तर उंबरठा ७ ते ८ ने उतरतो. ऐकायला कमी वाटतं, पण ज्या यादीत १५०, १६०, १६५ असे लोक उंबरठ्याला टेकून उभे आहेत, तिथे तेवढ्यानेही एखादा जण पलीकडे जातो.

जिथे पदवीशिवाय तो व्यवसायच करता येत नाही, म्हणजे वैद्यकी किंवा वकिली, तिथे दुसऱ्या रकान्यात आजची नोकरी न लिहिता तुम्ही प्रत्यक्षात धरला असता तो दुसरा व्यवसाय लिहा. शिक्षण लांब असल्यामुळे तिथे दहा वर्षांची मुदतही तोकडी पडते. बाकी मांडणी हीच.

आवड, शहर बदलणं, ओळखी, कंटाळवाण्या कामातून सुटका, हे सगळं या कागदावर येत नाही. पण त्याची किंमत विचारता येते. भाचीला मी तेच विचारलं: उंबरठा ओलांडला नाहीस आणि पगार १५० वर थांबला, तर दहा वर्षांत आजच्या पैशांत १२१ चा तोटा, म्हणजे तुझा सव्वा वर्षाचा पगार. क्षेत्र बदलायला मिळावं म्हणून तू एवढे मोजशील का? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाऊण वर्षाचे मोजीन. सव्वा नाही." त्या आठवड्यात तिने संध्याकाळच्या अभ्यासक्रमाची फी विचारली आणि तिथल्या तुकडीतल्या लोकांची यादी करायला घेतली.